नव्या कामगाराला आधी शंकरपाळी शिकवा

मागच्या व्हिडिओत एसओपीचा फ्लोचार्ट कसा काढायचा ते आपण पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी चार्ट काढले, रंगीत प्रिंट मारली, लॅमिनेशन केलं, भिंतीवर लावले. छान. पण तो चार्ट नव्या माणसाला समजावायचा कसा, यावर आज थोडं स्पष्ट बोलतो. काहींना लागेल, पण बोलणार.

बिलोलीजवळ एक छोटी तूर डाळ मिल आहे. मालक ओळखीचे. जानेवारीत तुरीची आवक जोरात असताना मी तिथं गेलो होतो. काट्यापाशी भिंतीवर मोठा चार्ट होता. आवक, चाळणी, खडे काढणं, चिरा पाडणं, तेल-पाणी, वाळवण, रोलर, प्रतवारी, भरती, सगळं क्रमानं. समोर एक नवा पोरगा उभा होता, कामावरचा तिसरा दिवस. मी विचारलं, "हे काय आहे रे?"

"प्रक्रिया आहे सर. वरून खाली यायचं."

"आणि ही तिरकी चौकट कशासाठी?"

तो जरा लाजला. म्हणाला, "डिझाइन असंल सर."

पोराची चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मालकांनी चार्टपुढं उभं करून दहा मिनिटांत वरून खाली वाचून दाखवला होता. "समजलं का?" "हो मालक." झालं ट्रेनिंग.

माझं मत असं आहे की नव्या माणसाला चार्ट वरून खाली वाचून दाखवणं म्हणजे जवळजवळ काहीच न शिकवणं. चौकोनातलं काम तो दुसऱ्याचं बघून चार दिवसांत शिकतो. पोतं कसं उचलायचं, चाळणीत माल कसा सोडायचा, हे हमालही शिकवतात. तो अडकतो त्या तिरक्या चौकटीपाशी, जिथं एक बाण 'हो'कडे जातो आणि दुसरा 'नाही'कडे. इंग्रजीत तिला डायमंड म्हणतात, आपण शंकरपाळी म्हणू. दिवाळीत सगळ्यांनी खाल्लेली असते, आकार विसरत नाही. तुमचा पैसा जातो तो शंकरपाळीपाशी.

त्या मिलमध्ये काय झालं होतं

मी गेलो त्याच्या साधारण दोन आठवडे आधीची गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास एक टेम्पो आला. 50 किलोची 40 पोती, म्हणजे 20 क्विंटल तूर. मालक लग्नाला नांदेडला गेलेले, मिस्त्री जेवायला घरी. काट्यावर एक नवा माणूस होता. त्यानं चार्ट बघितला. आवकच्या चौकोनाखाली शंकरपाळी होती आणि तिच्यात लिहिलं होतं, "ओलावा योग्य आहे का?"

त्यानं वरच्या एका पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढले आणि ओलावा मोजायच्या मीटरमध्ये टाकले. आकडा आला 11.6. चांगला आकडा. सगळा माल उतरवला आणि आधीच्या कोरड्या मालाच्या थप्पीला लावून टाकला.

टेम्पोच्या तळाची पोती ओली होती. शेतकऱ्यानं मुद्दाम केलं असंही नाही. रात्री दव पडतं, ताडपत्री एका बाजूनं उघडी राहते, खालची पोती ओल धरतात. आठवड्यानं थप्पीजवळ कुबट वास यायला लागला. हात घातला तर दाणे गरम लागले, काहींवर बुरशी. ओली पोती थप्पीच्या मध्ये होती, म्हणून शेजारची कोरडी पोतीही खराब झाली. थप्पी फोडून सगळं बाहेर काढायला दोन दिवस गेले. मालक त्या माणसावर भडकले आणि तो काम सोडून गेला. त्याच्याच जागी हा पोरगा आला होता.

आता सांगा, चूक कुणाची? त्यानं चार्ट पाळला होता. मीटर लावला होता, आकडा चांगला आला होता. चूक त्या शंकरपाळीत होती.

"योग्य आहे का" हा प्रश्नच नाही

"योग्य" म्हणजे किती? मालकांच्या डोक्यात आकडा होता, मिस्त्रीच्या बोटांत होता. नव्या माणसाकडे दोन्ही नव्हतं. शंकरपाळीतला प्रश्न असा हवा की कालच आलेला माणूस आणि वीस वर्षं काम केलेला मिस्त्री, दोघांचं उत्तर एकच यावं. तसं येत नसेल तर तिथं तुम्ही काम त्याच्या नशिबावर सोडलेलं आहे.

आम्ही बसून ती एकच शंकरपाळी नव्यानं लिहिली. आधी आकडा ठरवला. हमीभावाच्या खरेदीत तुरीचा ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्यालाही पाठ असतं. विक्रीच्या तूर डाळीत ओलावा 14 टक्क्यांच्या वर नको, असा एफएसएसएआयचा नियम आहे. या दोन आकड्यांवरून मिलनं स्वतःपुरते तीन रंग ठरवले. 12 पर्यंत हिरवा. 12 च्या वर ते 14 पर्यंत पिवळा. 14 च्या वर लाल.

मग दुसरा प्रश्न, किती पोती तपासायची? नव्या माणसाला गणित घालू नका. आम्ही लिहिलं, "उतरताना दर पाचवं पोतं." 40 पोत्यांत आठ नमुने होतात, आणि वरचं, मधलं, तळाचं असं सगळीकडचं पोतं आपोआप हाती येतं.

तिसरा मुद्दा सरासरीचा. इथं भलेभले फसतात. समजा, सात पोत्यांचा आकडा 11.5 आला आणि एकाचा 16. सरासरी काढा, ती 12.06 येते. माणूस म्हणेल, "बारा तर आहे, घ्या." पण ते एक 16 वालं पोतं थप्पीत जाऊन आपलं काम करणारच आहे. म्हणून शंकरपाळीत लिहिलं, "आठपैकी एक जरी लाल असेल तर लाल." सरासरी काढायचीच नाही.

आणि मीटरची एक खोड. या मीटरमध्ये पीक निवडावं लागतं. आधी कुणी सोयाबीन मोजून गेलं असेल आणि यानं तसंच तुरीला लावलं, तर आकडा खोटा येणार. म्हणून मीटर लावायच्या आधी एक छोटा चौकोन: "मीटर तुरीवर आहे का बघ. एका पोत्याचे दोनदा मोज. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोज."

शेवटचा बदल जमिनीवर केला. काट्यापाशी पिवळ्या पट्ट्यानं एक जागा आखली. टेम्पोतून उतरलेलं प्रत्येक पोतं आधी तिथं जाणार, लाकडी फळ्यांवर. आठही आकडे आल्याशिवाय एकही पोतं थप्पीला लागणार नाही. या एका पट्ट्यामुळं चुकीचा निर्णय झाला तरी तो परत फिरवता येतो. माझ्या मते हा पट्टा त्या अख्ख्या चार्टपेक्षा जास्त कामाचा आहे.

"मालकाला कळवा" ही पायरी नाही

आता 'नाही'कडे जाणारा बाण. बहुतेक चार्टमध्ये तिथं एकच चौकोन असतो, "मालकाला कळवा." त्या रात्री मालक लग्नाच्या मांडवात होते, बँड वाजत होता. कळवणार कसं? फोन उचलला नाही तर? टेम्पोवाला भाड्यासाठी घाई करतोय, शेतकरी तोंडाकडे बघतोय, अशा वेळी नवा माणूस एकच करतो. वाद नको म्हणून माल उतरवून घेतो.

प्रकरण वर न्यायच्या प्रत्येक पायरीला चार उत्तरं लागतात. कुणाला सांगायचं? कशानं सांगायचं? उत्तराची वाट किती वेळ बघायची? आणि उत्तर येईपर्यंत हातानं काय करायचं? यातलं चौथं सगळेच विसरतात, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

त्या मिलसाठी आम्ही पायऱ्या अशा लिहिल्या:

1. हिरवा: तूच ठरव. वजन कर, पावती दे, थप्पीला लाव. कुणाला फोन नको.
2. पिवळा: मिस्त्रीला फोन. 10 मिनिटं वाट. तोपर्यंत माल पिवळ्या पट्ट्यात. वाळवणीला टाकायचं की नाही आणि वजनात कपात किती, हे मिस्त्री ठरवणार.
3. लाल: मिस्त्रीला फोन आणि मालकाला फोन. 30 मिनिटं वाट. तोपर्यंत माल पिवळ्या पट्ट्यात, पोत्यांना लाल चिंधी.
4. कुणीच फोन उचलला नाही तर: माल पट्ट्यातच ठेव. वजन करून "तपासणी बाकी" असं लिहिलेली पावती दे. भाव बोलू नको. परतही पाठवू नको. सकाळी आठला मालक बघतील.

चौथी पायरी बघा. मालक नसताना काय करायचं, ते मालकांनी आधीच ठरवून ठेवलेलं आहे. पोराला रात्री धाडस करायची गरज नाही. त्यानं पावती फाडली की त्याचं काम संपलं.

पिवळ्यात कपातीचा विषय आला, तो जरा उलगडतो, कारण शेतकऱ्याशी खटका तिथंच उडतो. 14 टक्के ओलाव्याची 100 किलो तूर वाळवून 12 वर आणली तर हातात 97.7 किलो राहते. 20 क्विंटलमागं साधारण 45 किलो पाणी उडून जातं. मिस्त्रीकडे हा हिशोब छापील तक्त्यात असेल तर तो शेतकऱ्याला आकडा दाखवू शकतो. नसेल तर अंदाजे कापतो, शेतकऱ्याला वाटतं लुटलं, आणि पुढच्या हंगामात तो माल सीमेपलीकडं तेलंगणात घेऊन जातो. कपातीचा नियम काट्यापाशी सगळ्यांना दिसेल असा लावा.

तीच संध्याकाळ, नव्या चार्टनं

आता हाच टेम्पो पुन्हा आणू. सात वाजलेत, मालक नांदेडला. पोरगा मीटर तुरीवर आहे का बघतो. पोती उतरायला लागतात. पाचवं पोतं 11.4, दहावं 11.6, पंधरावं 11.3, विसावं 11.9, पंचविसावं 11.8. सगळं हिरवं. आता तिसावं 15.1. पुन्हा मोजतो, 15.2. पस्तिसावं 15.4. चाळिसावं 11.8. आठपैकी दोन लाल, म्हणजे माल लाल.

तो मिस्त्रीला फोन करतो. फोनवर काय बोलायचं तेही त्याला शिकवलेलं आहे, तीनच वाक्यं: काय दिसलं, मी काय केलं, मला काय हवं. "मामा, 40 पोत्यांची तूर आलीय, आठपैकी दोन पोती 15 च्या वर आहेत. सगळा माल पट्ट्यात ठेवलाय, लाल चिंधी बांधलीय. पुढं काय करू?" एवढं ऐकल्यावर मामांना एकही उलटा प्रश्न विचारायची वेळ येत नाही.

शेतकऱ्याला काय सांगायचं तेही ठरलेलं. "भाऊ, तळाच्या काही पोत्यांना ओल लागलीय. माल तुमचाच आहे, वेगळा ठेवलाय, ही वजनाची पावती. सकाळी मालकांसमोर सगळी पोती मोजू, तुम्ही या." ओला माल असा ऐकवला तर भांडण होत नाही. "तुमचा माल खराब आहे" म्हटलं की होतं.

सकाळी एकेक पोतं मोजायचं. ओली तेवढी वाळवणीला, उरलेली थप्पीला. रात्रभराचा उशीर झाला, पण थप्पी वाचली, शेतकरी टिकला, आणि नव्या माणसाला कामावरून पळून जायची वेळ आली नाही.

एक शंकरपाळी जिथं विचारायचंच नाही

वर सांगितलेल्या पायऱ्या मालासाठी आहेत. मशीनसाठी नियम उलटा. रोलरला आवाज वेगळा यायला लागला, एलिव्हेटर अडकला, पट्टा सरकला, किंवा कुणाचा रुमाल, कुणाचा पदर पट्ट्याजवळ गेला, तर "आधी मिस्त्रीला विचार" असं चार्टवर कधीही लिहू नका. तिथं पहिला चौकोन "लाल बटण दाब" हाच. बटण दाबल्यावर फोन. आणि मिस्त्री येईपर्यंत मशीनमध्ये हात नाही, काठीसुद्धा नाही.

जपानच्या टोयोटा कंपनीत कामगाराला हेच तीन शब्दांत शिकवतात: थांब, बोलव, वाट बघ. तिथं लाईनवरचा कुठलाही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो आणि गरज पडली तर लाईन थांबते. ही कल्पना मोटारीच्याही आधीची. साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या मागात सूत तुटलं की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढं विणलंच जायचं नाही. आपल्या मिलमध्ये तसं हुशार यंत्र नसेल, पण पोराचा हात बटणापर्यंत पोचतो ना?

फक्त एक अट. चुकून बटण दाबलं म्हणून ओरडायचं नाही. पंधरा मिनिटं मिल बंद राहिली तर काही डाळ कमी निघेल. ओरडलात तर पुढच्या वेळी तो बटण दाबायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, आणि पट्टा तेवढा वेळ देत नाही. चालत्या मशीनजवळ सैल कपड्यात काम नको, हे 1948 च्या कारखाने कायद्यातही होतं. कायदा तुमच्या मिलला लागू होवो न होवो, हात सगळ्यांचा सारखाच.

समजावायचं कसं

चार्ट वाचून दाखवू नका. खऱ्या टेम्पोची वाटही बघू नका. पोराला काट्यापाशी उभं करा आणि तीन चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीवर आठही आकडे हिरवे. दुसरीवर एक आकडा 12.9. तिसरीवर एक आकडा 15 आणि खाली "मालक फोन उचलत नाहीत." आता त्याला बोटानं चार्टवर वाट दाखवू द्या, आणि प्रत्यक्ष जाऊन पोतं कुठं ठेवणार ते करू द्या. तुम्ही गप्प बसा. जिथं तो थांबेल तिथं तुमचा चार्ट कच्चा आहे, तो पोरगा नव्हे. तिथंच पेननं दुरुस्त करा. म्हणून पहिला महिना लॅमिनेशन करूच नका.

आपल्या बिलोली भागात कामगार कधी तेलुगू बोलणारे असतात, कधी हिंदी. मराठी वाचता येत नसेल तर रंग आणि आकडे पुरतात. मीटरखाली हिरवी, पिवळी, लाल पट्टी आणि त्यावर 12 आणि 14. दोन फोन नंबर मोठ्या अक्षरात. चिठ्ठ्यांची परीक्षा त्याच्या भाषेत घ्या, मिस्त्रीला तेलुगू येत असेल तर मिस्त्रीनं घ्यावी.

हे सगळं सांगितल्यावर त्या मालकांनी मला विचारलं तेच तुम्हीही विचाराल. "सर, असं केलं तर दिवसभर मलाच फोन येतील की." येतील. पहिले पंधरा दिवस नक्की येतील. पण एक वही ठेवा आणि प्रत्येक फोन लिहा: कशाबद्दल आला, तुम्ही काय उत्तर दिलं. एकाच प्रश्नाला तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं की तो प्रश्न तुमचा राहिला नाही. तो चार्टवर उतरवा, म्हणजे त्याचा फोन बंद. आणि ज्या प्रश्नाला तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर देता, तो तुमच्याकडेच यायला हवा.

एक मर्यादाही सांगतो. प्रत्येक चौकोनापुढं शंकरपाळी टाकू नका. नव्या माणसाच्या वाट्याला पहिल्या महिन्यात तीन-चार पुष्कळ झाल्या. आणि रोलरला जाण्याआधी तूर नीट वाळलीय का, हे आमच्या मिस्त्रीमामांना दाणा दाताखाली धरून कळतं. ओली असेल तर टरफल सुटत नाही, फार वाळली असेल तर डाळ फुटून चुनी वाढते. ती शंकरपाळी नव्या पोराला देऊच नका. तिच्यात सरळ लिहा, "मिस्त्री ठरवणार." कोण ठरवणार हे स्पष्ट असणं हासुद्धा पुरेसा चांगला नियम आहे.

आता या आठवड्याचं काम. तुमच्या चार्टपुढं उभे राहा आणि फक्त शंकरपाळ्या मोजा. प्रत्येकीत "योग्य", "चांगला", "गरजेनुसार" असे शब्द शोधा आणि त्यांच्या जागी आकडा किंवा माणूस लिहा. मग 'नाही'च्या बाणावरून बोट फिरवत शेवटपर्यंत जा आणि स्वतःला विचारा, आज रात्री मी नसलो, माझा फोन बंद असला, तर हा बाण कुठं पोचतो?

त्या मिलमधला पोरगा अजून तिथंच आहे. परवा मालकांचा फोन आला होता. म्हणाले, "सर, काल त्यानं रात्री साडेदहाला उठवलं मला. लाल निघालं होतं." मी विचारलं, "मग, काय म्हणालात त्याला?"

"म्हटलं, बरं केलंस बाळा, झोप आता."

भेटूया पुढच्या व्हिडिओत.